अंगठीचा बदललेला इतिहास

आधी प्रसिद्ध झालेल्या कथेतला तपशील पुढच्या भागात बदलणे किंवा त्याचा अर्थ नव्याने लावणे, याला रेटकॉन म्हणतात. लांबलेल्या मालिकेत जुने आणि नवे जुळेनासे झाले की लेखक हा मार्ग धरतो.

टॉल्किनची अडचण अशीच होती. 'द हॉबिट'च्या १९३७च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या खेळात आपली जादूची अंगठी राजीखुशीने पणाला लावतो. ती सापडत नाही म्हणून तो बिल्बोची माफी मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. अंगठी मात्र आधीच बिल्बोच्या खिशात असते. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना हीच अंगठी मालकाला झपाटून टाकणारी ठरली. अशी वस्तू गॉलम देऊ करणे शक्यच नव्हते.

म्हणून १९५१च्या आवृत्तीत प्रकरण बदलले. आता पैज फक्त वाटेची राहिली आणि गॉलम चोराला शिव्याशाप देऊ लागला. पण जुन्या प्रती घरोघरी होत्याच. त्यावरचा तोडगा खरा नामी: नव्या कादंबरीच्या प्रस्तावनेनुसार पहिली हकीकत म्हणजे अंगठीवरचा हक्क पक्का करण्यासाठी बिल्बोने रचलेली थाप होती. लेखकाची विसंगती अशी पात्राच्या स्वभावात जिरली, आणि थाप मारायला लावणारी अंगठी अधिकच घातक वाटू लागली.