करोनाच्या लशीतले दोन प्रोलिन

करोनाच्या विषाणूवरचे काटे म्हणजे स्पाइक प्रथिनं. एकेक काटा तीन सारख्या साखळ्यांचा, आणि प्रत्येक साखळीत १२७३ अमिनो आम्लं. काट्याच्या टोकाशी पेशीला धरणारा भाग असतो. तो बराच वेळ खाली दुमडलेला राहतो. वर उठला, की आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. मग पेशीवरचंच एक विकर काट्याला छेद देतं, वरचा अर्धा भाग गळून पडतो आणि खालचा भाग दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा उलगडतो. त्याचं टोक पेशीच्या आवरणात रुततं. मग तो स्वतःवरच दुमडतो, दोन्ही आवरणं जवळ ओढतो आणि विषाणूचा आरएनए आत शिरतो.

लस करणाऱ्यांची अडचण या स्प्रिंगमुळेच होते. प्रयोगशाळेत बनवलेलं स्पाइक कधीकधी पेशी समोर नसतानाच उलगडतं. तो आकार पाहून शरीराने अँटिबॉडी बनवल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या, न उलगडलेल्या काट्याला धरतच नाहीत. म्हणजे अँटिबॉडी भरपूर, पण विषाणू अडत नाही.

जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचा उपाय कोविडच्या आधीच, २०१७मध्ये, मर्स विषाणूवर दाखवला होता. प्रोलिन हे ताठ अमिनो आम्ल आहे, सहज वळत नाही. जिथे साखळी सरळ होऊन उलगडते, नेमक्या त्या वळणावर त्यांनी दोन प्रोलिन बसवले. जानेवारी २०२०मध्ये नव्या विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली, तेव्हा हे दोन प्रोलिन कुठे बसवायचे हे शोधत बसावं लागलं नाही: ९८६ आणि ९८७. मॉडर्ना, फायझर आणि नोव्हाव्हॅक्सच्या लशींत तेच आहेत, म्हणून पुण्याच्या सीरमने बनवलेल्या कोवोव्हॅक्समध्येही. कोविशिल्डमध्ये मात्र ते नाहीत, तरीही तिने संरक्षण दिलं. प्रोलिनमुळे नेम सुधारतो, पण त्यांच्यावाचून सगळं अडतं असं नाही.

आकार टिकवला तरी एक प्रश्न उरतोच. विषाणूला रोखणाऱ्या बहुतेक प्रभावी अँटिबॉडी काट्याच्या टोकालाच धरतात, कारण ते झाकलं की एसीई-२ला चिकटायला जागाच उरत नाही. पण विषाणू बदलतोही तिथेच. ४८४व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं, एवढ्या एका बदलाने बामलॅनिविमॅब हे अँटिबॉडी औषध बीटा प्रकारावर निकामी झालं. पेशीला चिकटण्याची ताकद मात्र विषाणूने गमावली नाही. ओमायक्रॉनमध्ये तर याच भागात १५च्या आसपास बदल होते.

म्हणून आता संशोधकांचं लक्ष खालच्या, उलगडणाऱ्या भागाकडे आहे. तो फारसा बदलत नाही, कारण तिथे बिघाड झाला तर आवरणं जोडलीच जात नाहीत. पण तो बराचसा टोकाखाली झाकलेला असतो आणि उघडा पडतो तो अगदी थोडा वेळ, पेशीला चिकटून असताना. त्याला धरणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या आहेत, अनेक प्रकारच्या करोना विषाणूंना ओळखतातही, पण टोकाला धरणाऱ्यांच्या मानाने बहुतेक दुबळ्याच.