कागदावर उतरलेले शरीर : उजवे, डावे आणि मागचे

मोठ्या कागदावर मुलाला उताणे झोपवून त्याच्या शरीराची कड रेखाटायची आणि त्या आकृतीत हृदय, फुप्फुसे, यकृत, जठर इत्यादी अवयवांचे कापलेले कागद योग्य जागी लावायचे, हा खेळ प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत अनेक ठिकाणी खेळला जातो. बालभारतीच्या चौथीच्या परिसर अभ्यासात ‘पाहू तरी शरीराच्या आत’ हा पाठ आलेला आहे, आणि त्याआधीच्या दोन वर्षांत या खेळाने पूर्वतयारी चांगली होऊ शकते. मात्र खेळ सोपा दिसत असला तरी तो घाईने घेतल्यास मुलांच्या मनात चुकीचीच जागा पक्की होते, कारण ज्या ठिकाणी चूक होते ती ठिकाणे ठरलेली असतात आणि ती आधी ठाऊक नसतील तर मोठ्यांच्याही लक्षात येत नाहीत.

लहान मुलांच्या मनातील शरीराचे चित्र कसे असते याचा अभ्यास बराच जुना आहे. एलिझाबेथ गेलर्ट यांनी रुग्णालयातील मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, शरीराच्या आत काय असते असे विचारल्यावर लहान मुले बहुधा आत जाताना, बाहेर येताना किंवा वरून चाचपता येणाऱ्या गोष्टी सांगतात, म्हणजे अन्न, रक्त आणि हाडे. पुढे मायकेल राइस आणि स्यू डेल टनिक्लिफ यांनी मुलांना शरीराच्या आतील चित्र काढायला लावून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेकटा अवयव मुलांना आधी कळतो आणि अवयवांना जोडणारी संस्था, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अवयवांची साखळी, फार उशिरा कळते, असे त्यातून पुढे आले. या दोन निष्कर्षांवरून खेळाची रचना ठरवता येते. नुसती नावे चिकटवून घेण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक अवयवाचा शेजारी कोण, हे मुलाला सांगता आले पाहिजे.

आकृती काढण्याच्या कामातच पहिली अडचण असते. खाकी कागदाची गुंडाळी नव्वद सेंटिमीटर रुंद असेल तर उत्तम, नाहीतर जुनी वर्तमानपत्रे खळीने जोडूनही काम भागते. मूल उताणे झोपते, हात शरीरापासून थोडे दूर आणि पाय किंचित फाकलेले ठेवते, आणि जोडीदार खडूने किंवा जाड पेनने कड काढतो. पेन सरळ उभे धरले नाही तर आकृती बिघडते : टोक आत झुकले की मूल बारीक दिसते, बाहेर झुकले की रुंद दिसते, आणि सरळ धरले तरी पेनाच्या जाडीमुळे दोन्ही बाजूंना मिळून एखाददुसरा सेंटिमीटर वाढतोच. पायांच्या आतल्या बाजूची रेषा गुडघ्यापर्यंत आणून थांबवावी आणि उरलेला भाग मूल उठल्यावर शिक्षकांनी हाताने जोडून घ्यावा. मुलींची कड मुलींनीच काढावी. ज्या मुलाला झोपायची इच्छा नाही त्याला आग्रह करू नये, कारण आकृती भिंतीवर लागल्यावर तिच्या जाडीरुंदीवरून चिडवाचिडवी होण्याचा धोका खरा असतो. चार-पाच मुलांच्या गटाला एक आकृती पुरते आणि तिला त्या मुलाचे नाव देण्याचे कारण नाही.

मूल कागदावरून उठण्यापूर्वी एक काम मात्र न विसरता करायचे असते, ते म्हणजे त्याच्या उजव्या हाताशी ‘उ’ आणि डाव्या हाताशी ‘डा’ लिहिणे. उताण्या मुलाची आकृती भिंतीवर लावली की ती पाहणाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे आकृतीचा डावा हात पाहणाऱ्याच्या उजवीकडे येतो. सहा-सात वर्षांचे मूल मात्र स्वतःच्या डाव्या बाजूशी जुळवून हृदय आकृतीच्या उजव्या अंगाला चिकटवते, आणि मग यकृत व जठरही त्याच ओघात उलट्या बाजूंना जातात. सगळे अवयव एकमेकांच्या शेजारी बरोबर असूनही संपूर्ण शरीर आरशातल्यासारखे उलटलेले असते, आणि भिंतीवरचे चित्र नीटनेटके दिसत असल्याने ही चूक वर्षभर तशीच राहू शकते. मुलाने आपला डावा हात उचलावा, आकृतीजवळ जाऊन पाठ भिंतीकडे करून उभे राहावे आणि मग ‘डा’ अक्षर आपल्याच हाताशी आहे हे पाहावे, एवढ्याने गोंधळ बहुधा मिटतो.

आता सुमारे सात वर्षांच्या आणि १२० सेंटिमीटर उंचीच्या एका मुलाची आकृती डोळ्यांसमोर ठेवून अवयव मांडण्याचा क्रम पाहू. पहिला डाव अंदाजाचा असतो : मुले आपल्याला वाटेल तिथे कागद ठेवतात आणि त्या जागेभोवती शिसपेन्सिलीने फिकट रेघ मारून ठेवतात, म्हणजे नंतर काय हलले ते दिसते. दुसरा डाव स्वतःच्या शरीरावरील खुणा शोधण्याचा असतो. गळ्याच्या खाली दोन्ही बाजूंना आडवे जाणारे हाड, म्हणजे जत्रुक, छातीच्या मधोमध उभे असलेले हाड, म्हणजे उरोस्थी, आणि त्याचे खालचे टोक, सर्वांत खालची बरगडी, बेंबी, आणि ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या बाजूला हाताला लागणारे हाड : या खुणा मुले बोटांनी चाचपून शोधतात आणि झोपलेल्या जोडीदाराच्या शेजारी त्याच उंचीवर कागदावर फुल्या मारून घेतात.

या खुणांच्या आधाराने सर्वांत आधी कोणताही अवयव न लावता एक लाल दोरा लावावा. तो दोरा म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांना वेगळे करणारा स्नायूंचा पडदा. तो सपाट नसून घुमटासारखा वर उचललेला असतो : त्याच्या कडा खालच्या बरगड्यांना लागलेल्या असतात आणि मधला भाग उरोस्थीच्या खालच्या टोकाच्याही काहीसा वर जातो. हा दोरा लावला की बाकीचे अवयव ठरवणे सोपे होते, कारण दोऱ्याच्या वर काय आणि खाली काय, एवढाच प्रश्न आधी उरतो. मुलांच्या अंदाजात छाती आणि पोट यांची सीमा बरगड्या संपतात तिथे, म्हणजे फार खाली असते, आणि बहुतेक चुकांचे मूळ याच समजात सापडते.

दोऱ्याच्या वर दोन फुप्फुसे आणि त्यांच्या मधे हृदय येते. फुप्फुसांची टोके जत्रुकाच्याही थोडी वर पोहोचतात, हे मुलांना नवलाचे वाटते, कारण त्यांच्या अंदाजात ती छातीच्या मध्यावरच्या दोन लहान पिशव्या असतात. हृदयाचा कागद त्या मुलाच्या बंद मुठीएवढा कापावा. विड्याच्या पानासारखा लाल आकार मुळीच घेऊ नये. हृदय पूर्ण डावीकडे नसते, ते उरोस्थीच्या मागे असते आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकलेला असतो. मग ठोका डावीकडे का जाणवतो, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. हृदयाचे खालचे टोक डावीकडे वळलेले असते आणि तेच छातीच्या भिंतीवर आतून आदळते, हे त्याचे उत्तर. जागेवर वीस उड्या मारून मुलांनी तळहात छातीवर ठेवला की ते त्यांना स्वतःलाच कळते. डाव्या फुप्फुसाच्या कागदाला हृदयासाठी खाच ठेवावी लागते, म्हणून ते उजव्यापेक्षा थोडे लहान असते.

दोऱ्याच्या खाली जठराचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. पोट दुखले की मूल बेंबीवर हात ठेवते, त्यामुळे जठराचा कागदही बेंबीवरच लागतो. प्रत्यक्षात जठर डावीकडे, श्वासपटलाच्या लगेच खाली आणि बरेचसे बरगड्यांच्या आड असते. बेंबीच्या मागे असते ते मुख्यतः लहान आतडे. यकृत उजवीकडे, तसेच बरगड्यांच्या आड, आणि त्याचा डावा निमुळता भाग मध्यरेषा ओलांडून जठराच्या काही भागावर येतो. म्हणून जठर आधी आणि यकृत नंतर लावावे, आणि यकृताची फक्त वरची कड चिकटवावी, म्हणजे ते उचलून खालचे जठर पाहता येते. या उंचीच्या मुलासाठी यकृताचा कागद साधारण १५ सेंटिमीटर रुंद पुरतो. तयार तक्त्यावरून कापलेले प्रौढांचे अवयव या आकृतीत मावत नाहीत आणि मुले ते मग वरखाली सरकवून बसवतात, हे अनेक वर्गांत घडते. अवयव मुलाच्या मापानेच कापणे हा त्यावर एकच उपाय आहे. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असल्याचे पुस्तकांत दिलेले असते. या वयासाठी चार-साडेचार मीटर सुतळी घेऊन ती पोटाच्या मधल्या जागेत मावेल अशी गुंडाळावी, आणि तिच्याभोवती मोठ्या आतड्याची जाड पट्टी खाली उजवीकडून वर, मग आडवी, मग डावीकडून खाली अशी चौकटीसारखी लावावी.

मूत्रपिंडांपाशी आकृतीची मर्यादा उघड होते. ती पाठीच्या भिंतीला टेकलेली असतात आणि त्यांचा वरचा भाग शेवटच्या बरगड्यांनी झाकलेला असतो, त्यामुळे पुढून लावल्यास ती आतड्यांमध्येच कुठेतरी तरंगत राहतात. इथे कागद उलटा करावा, खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूनेही तीच कड गिरवावी आणि ‘उ’ व ‘डा’ पुन्हा लिहावे. आता आकृतीची पाठ पाहणाऱ्याकडे असल्याने तिचा डावा हात पाहणाऱ्याच्याही डावीकडे येतो, आणि बाजू का बदलली हे मुलांना शब्दांशिवाय दिसते. मूत्रपिंडे कमरेवर हात ठेवतो तिथे नसून त्याच्या वर असतात, आणि उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली असते, कारण त्याच्या वर यकृत असते. मूत्राशय मात्र पुढच्याच बाजूला, ओटीपोटाच्या हाडाच्या मागे लावावे.

खेळ साधला की नाही हे तक्त्याच्या सुबकतेवरून ठरवता येत नाही, कारण रंगीत कागदांची जागा मुले चित्र म्हणूनही पाठ करतात. आठवड्याने कोरी आकृती जमिनीवर आडवी किंवा पायांकडून उलटी ठेवून पुन्हा अवयव लावायला सांगावेत, आणि त्यानंतर मुलाने स्वतःच्या अंगावर हात ठेवून जठर, यकृत व मूत्रपिंडे दाखवावीत. जे मूल जठरासाठी हात डावीकडे बरगड्यांवर नेते आणि मूत्रपिंडांसाठी पाठीमागे नेते, त्याला जागा कळली आहे. शिक्षकांना दोन तासिका मिळत नसतील आणि सगळे अवयव घेणे शक्य नसेल, तर त्यांनी फुप्फुसे, हृदय, जठर आणि यकृत एवढेच चार घ्यावेत, पण ‘उ’ आणि ‘डा’ लिहिल्याशिवाय मुलाला कागदावरून उठू देऊ नये.