गुणतक्त्यातील ओळख लपवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेचे गुणतक्ते विश्लेषणासाठी बाहेर देताना दोन गोष्टी एकदम साधाव्या लागतात. विद्यार्थी ओळखू येऊ नये आणि तरीही एकाच विद्यार्थ्याचे दोन्ही सत्रांचे गुण एकमेकांशी जोडता यावेत.

गैरसमज: नाव आणि हजेरी क्रमांकाचे रकाने काढले की काम झाले.

वस्तुस्थिती: रकाने गेले तरी ओळींचा क्रम राहतो. सातवी ओळ हजेरीपटावरच्या सातव्या मुलाची, हे वर्गातले कोणीही सांगेल. शिवाय दुसऱ्या सत्राचा तक्ता वेगळ्या क्रमाने लावलेला असेल, तर कोणाचे गुण वाढले हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा, तो सर्व तक्त्यांत तोच ठेवावा आणि ओळी त्यानुसार लावाव्यात. तो हजेरी क्रमांकावरून काढू नये, कारण हजेरी क्रमांक दरवर्षी बदलू शकतो. जनरल रजिस्टरमधला क्रमांक त्या शाळेत कायम राहतो.

गैरसमज: तो क्रमांक SHA-256 ने हॅश केला की कोणालाही उलगडत नाही.

वस्तुस्थिती: हॅशवरून उलटे जाता येत नाही, पण तशी गरजही नसते. रजिस्टरचे क्रमांक 1 ते 9999 असतील, तर त्या सगळ्यांचे हॅश काढून ताडून पाहायला साध्या संगणकाला क्षणभर पुरतो. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांच्या नोंदी MD5 हॅशसह उघड झाल्या, तेव्हा टॅक्सींचे क्रमांक याच रीतीने उलगडले. उपाय म्हणजे हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळणे:

```python
hmac.new(key, gr_no.encode(), "sha256").hexdigest()[:10]
```

किल्ली लांब आणि यादृच्छिक असावी, दोन्ही सत्रांना तीच वापरावी आणि ती शाळेबाहेर जाऊ देऊ नये.

गैरसमज: किल्ली एकच असली की ओळी आपोआप जुळतात.

वस्तुस्थिती: एका तक्त्यात 0412 आणि दुसऱ्यात 412 असेल, तर संकेत पूर्ण वेगळे येतात. शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा देवनागरी अंक यांनीही तेच होते. म्हणून आधी सर्व क्रमांक एकाच पद्धतीने लिहून घ्यावेत. नंतर जुळलेले संकेत मोजावेत. पट 42 चा असून 39 च जुळले आणि वर्षात कोणी शाळा सोडलेली नसेल, तर तीन क्रमांक कुठेतरी वेगळे लिहिले गेले आहेत.

गैरसमज: संकेत पक्का असला की ओळख पटूच शकत नाही.

वस्तुस्थिती: पूर्ण जन्मतारीख त्या वर्गात बहुधा एकाचीच असते, विश्लेषणाला वयाची गरज असेल तर जन्मवर्ष पुरते. गुणही बोलतात. संस्कृतमध्ये 100 मिळवणारी एकच मुलगी असेल, तर ती ओळ तिचीच हे गावाला ठाऊक असते, आणि त्या ओळीतले गणितातले तिचे गुणही मग उघडे पडतात. ओळी जुळत्या ठेवायच्या तर हा धोका कमी करता येतो, शून्य करता येत नाही. म्हणून असा तक्ता ठरावीक व्यक्तीलाच, पुढे न देण्याच्या लेखी अटीवर द्यावा.