पन्नास हजारांचा फुटफॉल येतो कुठून?

कॉलेज फेस्टिव्हलच्या स्पॉन्सरशिप ब्रोशरमध्ये पहिल्याच पानावर ‘५०,०००+ फुटफॉल’ असं ठळक छापलेलं असतं. शहरातला क्लासवाला किंवा दुचाकीच्या शोरूमचा मालक हे पान उलटतानाच मनात हिशेब करतो. कॉलेजची पटसंख्या त्याला माहीत असते, मैदानही त्याने पाहिलेलं असतं. आकडा पटला नाही की पुढची पानं कितीही देखणी असोत, तो ‘बघू, कळवतो’ म्हणून विषय संपवतो.

असं ब्रोशर दुरुस्त करायचं तर आधी मागच्या वर्षीची कागदपत्रं काढावीत. समजा, तीन दिवसांच्या फेस्टिव्हलसाठी १,७५० पास दिले गेले आणि गेटवरची नोंद अनुक्रमे १,१००, ९०० आणि १,६०० अशी आहे. म्हणजे पासधारक जास्तीत जास्त १,७५० आणि प्रवेश ३,६००. तिन्ही दिवस आलेली मुलगी दुसऱ्या आकड्यात तीनदा मोजली जाते, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे आणि कसे मोजले त्या ओळीसह द्यावेत. रीलचे व्ह्यूज हा तिसरा, स्वतंत्र आकडा. बहुतेक वेळा ‘पन्नास हजार’ होतात ते हे सगळं एकत्र ओतल्यामुळेच.

मग प्रेक्षकांची फोड करावी. पासधारकांपैकी ६०० जण अकरावी-बारावीचे असतील, तर प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी एकूण गर्दीपेक्षा तोच आकडा मोलाचा. दुचाकीवाल्याला मात्र अठरा वर्षांपुढची मुलं हवी असतात. लहान पण नेमका आकडा पुढे ठेवायला कमिट्या उगाच बिचकतात, असं मला वाटतं.

पॅकेजमध्ये खरी गोची होते. टायटल दोन लाख, गोल्ड एक लाख, सिल्व्हर पन्नास हजार, आणि तिघांत फरक काय, तर लोगोचा आकार! त्याऐवजी आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे ते मोजावं: स्टेजची एक बॅकड्रॉप, एक प्रवेशद्वार, बारा स्टॉल, दिवसाला ठरावीक घोषणा. प्रवेशद्वार एकाला दिलं की ते दुसऱ्याच्या यादीतून काढायचं. टायटल स्पॉन्सर क्लास असेल तर दुसऱ्या क्लासला स्टॉल नाही, हेही लेखी हवं. ‘भरघोस प्रसिद्धी’ असं न लिहिता ‘गेटच्या आत डावीकडे १० बाय १० फुटांचा स्टॉल, तिन्ही दिवस’ असं लिहावं.

एक आश्वासन मात्र खोडूनच टाकावं: ‘सर्व विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर मिळतील.’ डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा संमतीवर उभा आहे, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. स्टॉलवर सज्ञान विद्यार्थी स्वखुशीने आपला नंबर देतील, एवढंच कबूल करावं.

शेवटच्या पानावर पैशाचे हप्ते लिहावेत: निम्मी रक्कम करारावेळी, उरलेली फेस्टिव्हलनंतर पंधरा दिवसांत, गेटची रोजची नोंद आणि लागलेल्या प्रत्येक बॅनरचा फोटो असलेला अहवाल दिल्यावर.