सहाशे व्हीएचा यूपीएस किती वेळ टिकतो?

खोक्यावर ६०० व्हीए असे ठळक छापलेले असते, पण खरेदी करताना त्याच्याजवळचा वॅटचा आकडा पाहावा. तो बहुधा ३६०च्या आसपास असतो, आणि यूपीएस किती भार पेलेल हे तोच सांगतो. किती वेळ पेलेल, हे मात्र आतली बॅटरी ठरवते.

समजा, साधा डेस्कटॉप, मॉनिटर आणि राउटर मिळून १२० वॅट घेतात. अशा यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास, म्हणजे कागदावर चाळीसेक मिनिटे. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवरही पंधरा-वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. ७चा आकडा वीस तास हळूहळू वापरण्याचा असतो. भराभर वीज ओढली की बॅटरी तेवढी देत नाही. शिवाय काही वीज यूपीएसच्या आतच उष्णतेत जाते.

जोडणी सोपी आहे. यूपीएस अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटला लावावा आणि वापरण्यापूर्वी काही तास चार्ज करावा. लेझर प्रिंटर त्यावर अजिबात लावू नये. तो तापताना एकदम इतका भार घेतो की यूपीएस बंद पडू शकतो.

दर काही महिन्यांनी काम सेव्ह करून भिंतीवरचे बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. वीस मिनिटांची चार झाली असतील, तर यूपीएस नव्हे, बॅटरी बदलायची.