अ‍ॅपमध्ये काय नसेल, तेही लिहून घ्या

तालुक्याच्या गावातले एक किराणा दुकान घेऊ. माल साडेतीनशे प्रकारचा. गिऱ्हाइके यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि दुकानातला मुलगा तो वाचून माल भरतो. अक्षर लागत नाही, यादी मागे पडते, म्हणून मालकांना ऑर्डर घेणारे साधे अ‍ॅप हवे आहे. डेव्हलपर काम सुरू करण्याआधी त्यांना एक पत्र देतो. त्यात काम किती आणि खर्च किती, हे लिहिलेले असते. पुढचे बहुतेक वाद टळतात ते याच पत्रामुळे, आणि त्यातही ‘यात काय नाही’ या भागामुळे.

कोणते काम होणार, हे चार ओळींत सांगता येते. गिऱ्हाईक मालाची यादी पाहील, वस्तू शोधेल, ऑर्डर देईल. ऑर्डर दुकानाच्या फोनवर येईल. मालक भाव बदलू शकतील आणि एखाद्या वस्तूपुढे ‘संपले’ अशी खूण करू शकतील. पैसे माल पोचल्यावर, रोख किंवा दुकानाच्या क्यूआर कोडवर.

आकडा कसा निघाला, हेही पत्रात दिसायला हवे. समजा, पडद्यांची रचना ४ दिवस, गिऱ्हाइकाचे अ‍ॅप १२, मालकाची बाजू ८, चाचणी आणि प्ले स्टोअरवर चढवणे ६. एकूण ३० दिवस. दिवसाला २,५०० रुपये धरले तर ७५,००० होतात. डेव्हलपरची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्क्यांचे १३,५०० वाढून रक्कम ८८,५०० वर जाते. बाहेर भरायचे पैसे वेगळे लिहावेत: गूगल प्लेच्या खात्याचे एकदाच २५ डॉलर, सर्व्हरचे महिन्याचे भाडे. हे खाते दुकानाच्याच नावाने उघडावे. नाहीतर डेव्हलपर बदलला की अ‍ॅपही हातातून जाते. खाते नवे आणि वैयक्तिक असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस वापरून पाहावे, असा गूगलचा नियम आहे. हे दोन आठवडे कामाच्या ३० दिवसांत धरलेले नाहीत, असे पत्रात स्पष्ट हवे.

आता वगळलेल्या गोष्टी. ‘स्टॉक जोडणी समाविष्ट नाही’ एवढेच लिहिले, तर मालक मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात भांडण होते. दुकानात त्यामुळे काय घडेल, हेच लिहायला हवे: “काउंटरवर शेवटचा तेलाचा डबा विकला गेला, तरी अ‍ॅपला ते कळणार नाही. ‘संपले’ ही खूण तुम्हाला हाताने करावी लागेल. ती राहून गेली, तर नसलेल्या डब्याची ऑर्डर येईल आणि गिऱ्हाइकाला फोन करावा लागेल. दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरशी जोडणी हवी असल्यास ते सॉफ्टवेअर पाहून वेगळा अंदाज देऊ.” हे वाचून मालक दोनपैकी एक करतात: जोडणी आत्ताच मागतात, नाहीतर खूण करायचे काम मुलाला नेमून देतात. दोन्ही बरेच.

बाकीच्या ओळीही अशाच लिहाव्यात. अ‍ॅपमध्ये ऑनलाइन पैसे भरता येणार नाहीत. ती सोय हवी असेल तर पेमेंट कंपनीचे शुल्क आणि परताव्याचे काम वाढेल. उधारीचे खाते वहीतच राहील. आयफोनवर अ‍ॅप चालणार नाही. त्यासाठी अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर आणि वेगळे काम लागेल. पोचवणारा मुलगा कुठे आहे, हे नकाशावर दिसणार नाही.

सर्वांत जास्त विसरली जाणारी ओळ मालाच्या यादीची असते. साडेतीनशे वस्तूंची नावे, वजने, भाव आणि फोटो कोण भरणार? तूरडाळ अर्धा किलो, एक किलो आणि पाच किलो अशी तीन मापांत विकली, तर तिच्या तीन नोंदी होतात. म्हणून पत्रात लिहावे: “नमुन्यासाठी २० नोंदी आम्ही भरू. उरलेली यादी दुकानाने दिलेल्या एक्सेल तक्त्यात भरून द्यावी. ती येईपर्यंत चाचणी सुरू होणार नाही.” काम लांबले तर ते कोणाकडे अडले, हे या ओळीवरून कळते.

शेवटी चार अटी पुरतात. हा अंदाज ३० दिवस लागू राहील. पैसे तीन सारख्या हप्त्यांत: सुरुवातीला, दुकानाच्या फोनवर पहिली ऑर्डर आल्यावर, आणि प्ले स्टोअरवर अ‍ॅप आल्यावर. मधेच काही वाढवायचे असेल, तर त्याचे दिवस आणि रुपये आधी लिहून मंजूर झाल्यावरच काम होईल. सुपूर्द केल्यावर ६० दिवसांत सापडलेली चूक फुकट दुरुस्त होईल; नवी मागणी ही चूक धरली जाणार नाही.

दुकानदारांनी पत्रातला एकूण आकडा शेवटी पाहावा. आधी ‘यात काय नाही’ हा भाग दुकानातल्या मुलासोबत बसून वाचावा, आणि तो भागच नसेल तर पहिला हप्ता देऊ नये.