बुडालेले बिल आणि वहीतली एक नोंद

भोसरीत जिग-फिक्श्चर बनवणारे एक छोटे वर्कशॉप आहे, असे समजू. १० जानेवारी २०२३ रोजी मालकाने एका कारखान्याला फिक्श्चर दिले. मालाची किंमत २,००,००० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३६,००० रुपये, म्हणजे बिल झाले २,३६,००० रुपयांचे. निम्मे पैसे, १,१८,००० रुपये, ऑर्डरबरोबरच आले होते. उरलेले निम्मे तीस दिवसांत येणार होते. ते आले नाहीत. आधी ‘पुढच्या आठवड्यात करतो’, मग ‘आमचेच पेमेंट अडकले आहे’, मग फोन उचलणे बंद. जून २०२४ मध्ये पार्टीने शिल्लक मान्य असल्याचे पत्र मात्र सही-शिक्क्यासह दिले. मार्च २०२५ उजाडला तोवर कारखाना बंद पडला होता आणि गेटवर बँकेची नोटीस लागली होती.

वर्कशॉपच्या ताळेबंदात मात्र ही पार्टी ठणठणीत आहे. येणे रक्कम १,१८,००० रुपये, मालमत्तेच्या बाजूला. मार्चअखेर हिशेब बंद करताना सीए विचारतो, ‘हे येणार आहेत का?’ मालक म्हणतो, ‘आता कुठले येतायत.’ हे उत्तर तोंडी असून भागत नाही, ते वहीत उतरावे लागते. त्यालाच येणे बुडीत म्हणून निर्लेखित करणे म्हणतात.

नोंद दोन ओळींची आहे. ३१ मार्च २०२५ तारखेला रोजकीर्दीत, किंवा टॅलीत F7 दाबून उघडणाऱ्या जर्नल व्हाउचरमध्ये, ती अशी होते:

बुडीत कर्ज खाते नावे १,१८,००० रुपये
त्या पार्टीच्या खात्याला जमा १,१८,००० रुपये
(१० जानेवारी २०२३ च्या बिलाची शिल्लक वसूल होण्याजोगी नसल्याने बुडीत म्हणून निर्लेखित केली.)

पहिल्या ओळीतले बुडीत कर्ज खाते हा खर्च आहे, तो नफा-तोटा पत्रकात जातो आणि नफा तेवढा कमी होतो. दुसऱ्या ओळीने पार्टीचे खाते शून्यावर येते आणि ताळेबंदातले येणेही तेवढे घटते. जमा करताना त्याच पार्टीचे, त्याच बिलाचे नाव घालावे. टॅलीत बिलवार तपशील ठेवला असेल तर Agst Ref निवडून ते जुने बिल जोडावे. नाहीतर खाते शून्य दिसते, पण येण्याच्या यादीत ते बिल आणि त्याच्यासमोर एक उणे रक्कम अशा दोन बेवारशी ओळी वर्षानुवर्षे लटकत राहतात. कंसातला खुलासाही मन लावून लिहावा. चार वर्षांनी आयकर अधिकाऱ्यासमोर हा कागद ठेवायची वेळ आली, तर ती रक्कम कोणाची आणि का सोडली हे त्या एका ओळीतूनच कळते.

या नोंदीत विक्री खात्याला हात लागलेला नाही, हे नीट पाहा. माल खरोखर विकला गेला, २०२२-२३ च्या नफ्यात तो धरला गेला, त्यावर आयकरही भरला गेला. ती विक्री खोटी नव्हती. बुडाले ते नंतरचे येणे, म्हणून तोटा २०२४-२५ चा. पुष्कळ ठिकाणी मात्र विक्री खाते नावे टाकून बिलच उलटवले जाते, किंवा पार्टीच्या नावाने क्रेडिट नोट काढली जाते. ‘जीएसटी तरी परत मिळेल’ हा त्यामागचा हिशेब असतो, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

जीएसटी कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार क्रेडिट नोट काढायची कारणे ठरलेली आहेत: बिलात किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला, माल किंवा सेवा सदोष निघाली. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, हे कारण त्यात नाही. आपल्या जीएसटीत बुडीत उधारीवरचा कर विक्रेत्याला परत मिळण्याची सोयच नाही. ब्रिटनच्या व्हॅटमध्ये अशी सवलत आहे, आपल्याकडे नाही. जानेवारी २०२३ च्या विवरणात मालकाने ३६,००० रुपये कर भरला, त्यातले १८,००० पार्टीकडून आगाऊ रकमेत आले आणि उरलेले १८,००० त्याच्या खिशातून गेले. ते गेलेच. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. म्हणजे न मिळालेल्या त्याच रकमेवरचा कर सरकारकडे विक्रेत्याकडूनही येतो आणि खरेदीदाराकडूनही. ही उघड अन्यायाची गोष्ट आहे आणि कायद्यात ती दुरुस्त व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते. पण दुरुस्ती होईपर्यंत खोटी क्रेडिट नोट हा उपाय नव्हे.

कारण क्रेडिट नोटेचा अर्थ कराच्या पलीकडे जातो. ‘माझ्या मालाची किंमत मी कमी केली’ असे विक्रेत्याने स्वतःच्या सहीने लिहून देणे म्हणजे क्रेडिट नोट. उद्या पार्टीवर दावा लावायची वेळ आली तर समोरचा वकील तोच कागद न्यायालयात ठेवील आणि म्हणेल, देणे उरलेच कुठे? बुडीत कर्जाची जर्नल नोंद तशी नाही. ती आपल्या घरातली, आपल्या वहीतली नोंद आहे. ती पार्टीला कळवायची नसते आणि तिने पार्टीचे देणे माफ होत नाही. दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षे असते, आणि त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून देणे मान्य केले तर त्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा मोजली जातात. आपल्या उदाहरणात जून २०२४ चे ते पत्र आहे, म्हणून जून २०२७ पर्यंत दाव्याचा रस्ता खुला राहतो. वहीत शून्य आणि कायद्याने येणे कायम, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

आता आयकर. १९६१ च्या कायद्यात कलम ३६(१)(vii) प्रमाणे बुडीत कर्जाची वजावट मिळते. १ एप्रिल १९८९ च्या आधी, रक्कम खरोखरच बुडाली हे व्यावसायिकाला सिद्ध करावे लागे. त्यानंतर कायदा बदलला, तरी अधिकारी जुने पुरावे मागतच राहिले. शेवटी टी.आर.एफ. लिमिटेडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की येणे वसूल न होण्याजोगे म्हणून हिशेबाच्या वहीत निर्लेखित केले की पुरे. २०१६ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही परिपत्रक काढून हेच मान्य केले. म्हणूनच ती दोन ओळींची नोंद एवढी मोलाची. ३१ मार्चला ती वहीत नसेल, तर कारखान्याच्या गेटवरची नोटीस दाखवूनही त्या वर्षाची वजावट मिळत नाही.

वजावटीला एक अट मात्र आहे. ती रक्कम त्या किंवा आधीच्या वर्षात उत्पन्न म्हणून धरलेली असली पाहिजे. मालाचे १,००,००० रुपये विक्रीत आले होते, तेव्हा त्यांचा प्रश्न नाही. जीएसटीचे १८,००० विक्री खात्यात कधी आलेच नव्हते, त्यामुळे ते बुडीत कर्ज म्हणून मागितले तर अधिकारी हरकत घेऊ शकतो. अशा वेळी तेवढी रक्कम धंद्यातला तोटा म्हणून वेगळी मागितली जाते. हे विवरण भरतानाच सीएशी बोलून ठरवावे. त्यासाठी सोयीचे म्हणून काही जण नोंदीतच बुडीत कर्ज १,००,००० आणि न मिळालेला जीएसटी १८,००० अशा दोन नावे ओळी करतात, पार्टीला जमा मात्र १,१८,०००च राहते. याच अटीमुळे, पुरवठादाराला दिलेली उचल किंवा मित्राला दिलेले हातउसने बुडाले तर ते या कलमात बसत नाही. ते उत्पन्नात कधी आलेलेच नसते. आणि ४४एडी खाली अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला ही वजावट वेगळी मिळत नाही, सगळे खर्च त्या अंदाजातच धरलेले असतात.

काही जण पूर्ण बुडायच्या आधीच, शंका येताच, नफ्यातून संशयित बुडीत कर्ज निधी बाजूला काढतात. हिशेबाच्या दृष्टीने ही सावध आणि चांगली रीत आहे. पण तेव्हा पार्टीचे खाते बंद होत नाही, आणि आयकर या नुसत्या तरतुदीची वजावट सामान्य व्यावसायिकाला देत नाही. खाते प्रत्यक्ष निर्लेखित होईल तेव्हाच ती मिळते.

समजा ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या कारखान्याची जागा विकली गेली आणि पार्टीने ५०,००० रुपये बँकेत भरले. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे ते पैसे सवयीने पार्टीच्याच खात्याला जमा करणे. तिचे खाते शून्यावर होते, तेव्हा आता उलट आपणच तिला ५०,००० रुपये देणे लागतो असे दिसू लागते. बरोबर नोंद अशी: बँक खाते नावे ५०,०००, बुडीत कर्ज वसुली खात्याला जमा ५०,०००. ही वसुली त्या वर्षाचे उत्पन्न असते, आणि पूर्वी जेवढी वजावट घेतली त्या मानाने तिच्यावर कर लागतो. पूर्ण १,१८,०००ची वजावट मिळाली असेल तर ५०,००० करपात्र होतात. फक्त १,००,०००ची मिळाली असेल तर वसुलीतले पहिले १८,००० सुटतात आणि ३२,००० करपात्र होतात. या मोजणीसाठी जुन्या विवरणाची प्रत हाताशी लागते.

उरलेल्या ६८,००० रुपयांवरचा हक्क अजून जिवंत आहे. पण निर्लेखित केलेली पार्टी येण्याच्या यादीतून नाहीशी होते, आणि यादीत नाही तिला फोन करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून अशा पार्ट्यांची एक वेगळी वही ठेवा. बिलाची तारीख, शिल्लक, शेवटचे सही केलेले पत्र आणि दाव्याची मुदत कधी संपते, एवढे तिच्यात लिहा. आणि दर फेब्रुवारीत, मार्चची घाई सुरू होण्याआधी, येण्याची यादी काढून दोन वर्षांहून जुनी प्रत्येक ओळ सीएसमोर ठेवा.